संश्लेषक भागाकारातल्या चिन्हांवरून वास्तव मुळांच्या मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीत संश्लेषक पद्धत शिकताना आपण शेवटच्या ओळीतली फक्त शेवटची संख्या, म्हणजे बाकी, बघतो. बाकी शून्य आली की अवयव सापडला, नाही तर पुढची संख्या. पण त्याच ओळीतल्या उरलेल्या संख्यांची चिन्हंही काही सांगत असतात: या संख्येच्या पलीकडे मुळं शोधण्यात अर्थ आहे की नाही. शिकवताना त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत.

हा नियम नेमका काय आहे?

वास्तव सहगुणकांची एक बहुपदी p(x) घ्या. तिचा पहिला, म्हणजे सर्वांत मोठ्या घाताचा, सहगुणक धन असू द्या. तिला x − c ने संश्लेषक पद्धतीने भागा.

c धन असेल आणि शेवटच्या ओळीत एकही ऋण संख्या नसेल, तर c पेक्षा मोठं एकही वास्तव मूळ नाही. c ही मुळांची वरची मर्यादा झाली.

c ऋण असेल आणि शेवटच्या ओळीतली चिन्हं एकाआड एक धन-ऋण-धन अशी येत असतील, तर c पेक्षा लहान एकही वास्तव मूळ नाही. c ही खालची मर्यादा झाली.

दोन्ही वेळा बाकीसुद्धा ओळीचा भाग आहे. ती सोडून चिन्हं मोजायची नाहीत.

एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवता येईल का?

p(x) = 2x⁴ − 5x³ − 11x² + 20x + 12 घेऊ. परिमेय मुळं शोधायची तर स्थिरपद 12 चे विभाजक आणि पहिल्या सहगुणकाचे, म्हणजे 2 चे, विभाजक यांवरून उमेदवारांची यादी तयार होते: ±1, ±2, ±3, ±4, ±6, ±12, ±1/2, ±3/2. एकूण सोळा. प्रत्येकाने भागत बसण्याआधी मर्यादा काढू. आधी 3:

```
 3 |  2   -5   -11    20    12
   |       6     3   -24   -12
   ----------------------------
      2    1    -8    -4     0
```

बाकी शून्य आली, म्हणजे 3 हे मूळ सापडलं. पण ओळीत −8 आणि −4 आहेत, त्यामुळे 3 च्या पुढे काही नाही असं या ओळीवरून म्हणता येत नाही. आता 4:

```
 4 |  2   -5   -11    20    12
   |       8    12     4    96
   ----------------------------
      2    3     1    24   108
```

सगळ्या संख्या धन. 4 ही वरची मर्यादा. 6 आणि 12 तपासायची गरजच उरली नाही, आणि बाकी 108 असल्यामुळे 4 स्वतःही मूळ नाही. ऋण बाजूला −2 घेतलं तर ओळ 2, −9, 7, 6, 0 अशी येते. बाकी शून्य, म्हणजे −2 हेही मूळ. पण 7 नंतर 6 आला, दोन धन लागोपाठ, म्हणून चिन्हांचा क्रम मोडला. −3 घेऊ:

```
-3 |  2   -5   -11    20    12
   |      -6    33   -66   138
   ----------------------------
      2  -11    22   -46   150
```

धन, ऋण, धन, ऋण, धन. −3 ही खालची मर्यादा, आणि बाकी 150 असल्यामुळे तेही मूळ नाही. सोळापैकी 4, 6, 12, −3, −4, −6, −12 हे सात उमेदवार तीन-चार भागाकारांत बाद झाले. उरलेल्या नवांतून मुळं मिळतात ती 3, 2, −1/2 आणि −2. चारही −3 आणि 4 यांच्या मध्ये आहेत.

ओळीतल्या सगळ्या संख्या धन आल्या की पुढे मूळ नसतं, हे कशावरून?

वरची 4 ची ओळ समीकरणाच्या रूपात लिहा, म्हणजे उत्तर समोर दिसेल:

p(x) = (x − 4)(2x³ + 3x² + x + 24) + 108

आता x च्या जागी 4 पेक्षा मोठी कोणतीही संख्या ठेवा. x − 4 धन. दुसऱ्या कंसात सगळे सहगुणक धन आणि x ही धन, म्हणून तो कंसही धन. त्यात 108 मिळवायचे. धन गुणिले धन अधिक धन, हे शून्य होऊच शकत नाही. सिद्धता एवढीच आहे. ओळीतली शेवटची संख्या सोडून बाकीच्या म्हणजे भागाकाराचे सहगुणक, आणि शेवटची म्हणजे बाकी, हे लक्षात असलं की नियम पाठ करावा लागत नाही.

मधल्या काही संख्या किंवा बाकी शून्य आली तरी युक्तिवाद टिकतो, कारण ओळीतला पहिला सहगुणक धन आहेच आणि तेवढ्याने कंस धन राहतो. म्हणून नियमात "सगळ्या धन" न म्हणता "एकही ऋण नाही" असं म्हटलं आहे.

खालच्या मर्यादेला मात्र एकाआड एक चिन्हं का लागतात?

मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक जण हा भाग फक्त पाठ करतात आणि आठवड्याभरात दोन्ही नियमांची सरमिसळ होते. −3 ची ओळ पुन्हा तशीच मांडा:

p(x) = (x + 3)(2x³ − 11x² + 22x − 46) + 150

x ला −3 पेक्षा लहान घ्या, उदाहरणार्थ −5. x ऋण असताना x³ ऋण, x² धन, x ऋण. म्हणून 2x³ ऋण. −11x² मध्ये धन वर्गाला ऋण सहगुणक, तेही ऋण. 22x ऋण. −46 तर ऋण आहेच. ऋण x चे घात स्वतःच एकाआड एक चिन्ह बदलतात, आणि सहगुणकांनीही तसंच एकाआड एक चिन्ह बदललं की दोन्ही बदल एकमेकांना जुळतात आणि कंसातली सगळी पदं एकाच बाजूला झुकतात. इथे ती ऋण बाजूला झुकली. x + 3 सुद्धा ऋण. ऋण गुणिले ऋण धन, त्यात 150 धन. शून्य होणं शक्य नाही.

कोटी विषम असेल तर सगळं उलट्या चिन्हाने होतं: p(x) ऋण राहतं आणि बाकीही ऋण लागते. एकाआड एक चिन्हांच्या क्रमात ती आपोआप तशीच येते.

पटत नसेल तर आणखी एक मार्ग आहे. x च्या जागी −x ठेवा, म्हणजे 2x⁴ + 5x³ − 11x² − 20x + 12 मिळेल. जुन्या बहुपदीची ऋण मुळं हिची धन मुळं होतात. हिला आता x − 3 ने भागा. ओळ येते 2, 11, 22, 46, 150. वरच्या −3 च्या ओळीतल्याच संख्या, फक्त ऋण चिन्हं गळून पडलेली. थोडक्यात, खालच्या मर्यादेचा नियम हा वरच्या मर्यादेचाच नियम आहे, आरशात पाहिलेला.

ओळीत शून्य आलं तर ते धन धरायचं की ऋण?

वरच्या मर्यादेसाठी काळजी नाही. शून्य ऋण नाही, एवढं पुरे.

खालच्या मर्यादेत मात्र इथेच चूक होते. शून्याला धन किंवा ऋण यांपैकी हवं ते चिन्ह देता येतं, हे खरं. पण शून्य गाळून पुढे जाता येत नाही. त्याने आपली जागा अडवली पाहिजे. x³ − x² − 6x + 2 ला −2 घेऊन भागा:

```
-2 |  1   -1   -6    2
   |      -2    6    0
   --------------------
      1   -3    0    2
```

शून्य गाळलं तर धन, ऋण, धन असं दिसतं आणि −2 ही खालची मर्यादा वाटते. पण p(−2) = 2 आणि p(−3) = −16. चिन्ह बदललं, म्हणजे −3 आणि −2 यांच्या मध्ये एक मूळ बसलं आहे. मर्यादा खोटी निघाली. योग्य रीत अशी: पहिली जागा धन, दुसरी ऋण, तिसरी धन, चौथी ऋण. शून्य तिसऱ्या जागी आहे, त्याला धन धरा. मग चौथ्या जागी ऋण किंवा शून्य हवं होतं, आणि तिथे 2 आहे. चाचणी नापास.

माझी सवय अशी की खालची मर्यादा तपासताना ओळीच्या खाली आधी + − + − लिहून घ्यायचं आणि मग प्रत्येक संख्या आपल्या खालच्या चिन्हाला विरोध करते का एवढंच बघायचं. शून्य कशालाच विरोध करत नाही.

c ऋण घेतला आणि ओळीतल्या सगळ्या संख्या धन आल्या, तर ती वरची मर्यादा म्हणता येईल का?

नाही. x² + 5x + 6 ला −3 घेऊन भागलं तर ओळ येते 1, 2, 0. एकही ऋण नाही. पण या बहुपदीची मुळं −2 आणि −3 आहेत, आणि −2 हे −3 पेक्षा मोठं आहे. सिद्धतेत x धन असण्यावर भर होता. c ऋण असेल तर c आणि शून्य यांच्या मधल्या x साठी तो आधारच निघून जातो.

c = 0 मात्र चालतो. तेव्हा ओळ म्हणजे बहुपदीचे मूळचेच सहगुणक. ते सगळे धन असतील तर धन मूळ नाही, हे तर भागाकाराशिवायही दिसतं.

चाचणी नापास झाली, म्हणजे त्या संख्येच्या पुढे मूळ आहे, असं समजायचं का?

असं अजिबात समजू नका. ही चाचणी फक्त होकार देऊ शकते. होकार आला तर तो पक्का. नकार आला तर काहीच कळलेलं नसतं.

(x − 1)(x − 2)(x − 3) = x³ − 6x² + 11x − 6 घ्या. सर्वांत मोठं मूळ 3, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. तरी 4 ची ओळ 1, −2, 3, 6 येते. 5 ची 1, −1, 6, 24. दोन्ही नापास. 6 ला पहिल्यांदा 1, 0, 11, 60 अशी ऋणाशिवायची ओळ मिळते. मूळ 3 वर संपलं आणि चाचणी 6 वर थांबली.

हे अंतर कुठून आलं? ओळीतली दुसरी संख्या बघा. ती c − 6 आहे. ती ऋण नसावी म्हणजे c किमान 6 हवा. आणि 6 म्हणजे 1 + 2 + 3, सगळ्या मुळांची बेरीज! हा योगायोग नाही. पहिला सहगुणक a आणि दुसरा b असेल तर मुळांची बेरीज −b/a असते, आणि ओळीतली दुसरी संख्या ac + b असते. म्हणून या चाचणीतून मिळणारी वरची मर्यादा सगळ्या मुळांच्या बेरजेपेक्षा लहान कधीच असू शकत नाही. या बेरजेत संमिश्र मुळंही धरली जातात, आणि त्यामुळे अंतर फारच वाढू शकतं. x³ − 21x² + 121x − 101 हिचं वास्तव मूळ एकच, 1. उरलेली दोन 10 + i आणि 10 − i. पण बेरीज 21, म्हणून 20 लाही चाचणी नापास होते (ओळ 1, −1, 101, 1919) आणि 21 ला जाऊन पास होते. आलेखावर कुठेही न दिसणारी दोन मुळं मर्यादेला 21 पर्यंत ढकलतात.

मग सुरुवात कोणत्या संख्येपासून करायची?

वरच्याच कारणाने −b/a पासून. त्याच्या खालच्या धन संख्या घेऊन वरची मर्यादा शोधणं वाया जातं. आपल्या पहिल्या उदाहरणात −b/a = 5/2, म्हणून 3 पासून सुरुवात केली. 1 आणि 2 तपासायचे तर मूळ म्हणून तपासा, मर्यादा म्हणून नाही. −b/a ऋण असेल तर 1 पासून सुरू करा.

वर जाताना एक दिलासा आहे. एखादी धन संख्या चाचणी पास झाली की तिच्यापेक्षा मोठी प्रत्येक संख्या पास होतेच. कारण ओळीत ऋण संख्या नसताना c वाढवला तर प्रत्येक गुणाकार तेवढाच राहतो किंवा वाढतो, म्हणून प्रत्येक बेरीजही कमी होत नाही. त्यामुळे 5, 10, 20 अशी उडी मारत जाऊन मग मागे सरकता येतं. आणि पुरेसा मोठा c घेतला तर पास होणारच, कारण ओळीतली प्रत्येक संख्या ही c मधली बहुपदी असते आणि तिचा पहिला सहगुणक आपलाच धन a असतो.

पहिला सहगुणक ऋण असेल, किंवा मधलं पद नसेल, तर?

पहिला सहगुणक ऋण असेल तर संपूर्ण बहुपदीला −1 ने गुणा. मुळं बदलत नाहीत.

नसलेल्या पदासाठी 0 लिहायलाच हवा. x³ − 7x + 6 चं सहगुणक रूप 1, 0, −7, 6 आहे. 0 विसरलात तर तुम्ही x² − 7x + 6 या वेगळ्याच बहुपदीला भागत असता, आणि चिन्हांचं जे काही निघेल ते तिच्याबद्दल असेल. पडताळा सोपा आहे: कोटी n असेल तर वरच्या ओळीत n + 1 संख्या हव्यात.

मर्यादा स्वतःच मूळ असू शकते का?

हो. वरच्याच x³ − 7x + 6 ला −3 घेऊन भागलं तर ओळ 1, −3, 2, 0 येते. चौथ्या जागी ऋण हवं, तिथे शून्य आहे, चालतं. −3 ही खालची मर्यादा आहे आणि मूळही. नियम म्हणतो "c पेक्षा लहान नाही", c स्वतःबद्दल बाकी सांगते.

संमिश्र मुळांनाही ही मर्यादा लागू होते का?

नाही. x² + 100 ला 1 घेऊन भागा: 1, 1, 101. पास. पण मुळं 10i आणि −10i आहेत, शून्यापासून 10 अंतरावर. सिद्धतेत x वास्तव धरला होता, तेव्हा निष्कर्षही वास्तव मुळांपुरताच. सगळ्या मुळांचं शून्यापासूनचं अंतर हवं असेल तर कोशीचा नियम वापरा: पहिला सहगुणक सोडून उरलेल्या सहगुणकांतला चिन्ह सोडून सर्वांत मोठा घ्या, त्याला पहिल्याने भागा आणि 1 मिळवा. पहिल्या उदाहरणात तो 20/2 + 1 = 11 देतो. चिन्हांच्या चाचणीने तिथे −3 आणि 4 दिले होते, म्हणून वास्तव मुळांसाठी मी आधी चिन्हांकडेच जातो.

नापास झालेल्या संख्येतून आणखी काही काढता येतं का?

येतं, आणि त्यासाठी नवीन काही शिकावं लागत नाही. एकदा भागून झाल्यावर बाकी बाजूला ठेवा आणि आलेल्या भागाकारालाच पुन्हा त्याच c ने भागा. मग पुन्हा. x³ − 6x² + 11x − 6 साठी 4 नापास झाला होता, त्याच्यावर करू:

```
 4 |  1   -6   11   -6
   |       4   -8   12
   --------------------
      1   -2    3    6
   |       4    8
   ---------------
      1    2   11
   |       4
   ----------
      1    6
```

प्रत्येक ओळीची शेवटची संख्या खालून वर वाचा. सर्वांत खाली राहिलेला 1 धरून 1, 6, 11, 6. याचा अर्थ

p(x) = (x − 4)³ + 6(x − 4)² + 11(x − 4) + 6

x हा 4 पेक्षा मोठा असेल तर यातलं प्रत्येक पद धन आहे. 4 ही खरोखरच वरची मर्यादा आहे, फक्त पहिल्या ओळीला ते दिसलं नव्हतं. 3 घेऊन हेच केलं तर 1, 3, 2, 0 येतात, म्हणजे मर्यादा थेट सर्वांत मोठ्या मुळावर येऊन बसते. आणि ती 21 वाली बहुपदी? 10 घेऊन पुन्हा पुन्हा भागलं तर 1, 9, 1, 9 मिळतात. 21 वरून 10 वर आलो.

या मर्यादेला न्यूटनचं नाव आहे. त्याच्या भाषेत सांगायचं तर c ला बहुपदी आणि तिचे सगळे विकलज, यांपैकी काहीही ऋण नसावं. पुन्हा पुन्हा भागण्याची ही मांडणी इटलीच्या पाओलो रुफिनीने 1804 मध्ये आणि इंग्लंडच्या विल्यम जॉर्ज हॉर्नरने 1819 मध्ये मांडली, मुळांच्या दशांश किमती काढण्यासाठी. पहिल्या ओळीत ऋण नसेल तर पुढच्या ओळींतही येत नाही, म्हणून ही मर्यादा साध्या चाचणीपेक्षा वाईट कधीच नसते. किंमत एवढीच की तिसऱ्या कोटीला एका भागाकाराऐवजी तीन करावे लागतात, चौथ्या कोटीला चार. परिमेय मुळांच्या यादीतले दोन-चार उमेदवार गाळायचे असतील तर साधी ओळ पुरते. दुसरी संख्या फार मोठी ऋण दिसली, म्हणजे मुळांची बेरीज मोठी आहे असं कळलं, की मी दुसऱ्या ओळीकडे वळतो.